कथा: आत्याचा फोन (आणि तांत्रिक बाजूबद्दल एक प्रश्न)

घाटवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होती ती कथा एकदाची लिहून काढली, छोटीच आहे. वाईहून पसरणी घाटाकडे जाताना रस्त्याला लागून नाश्त्याची दुकानं आहेत, तशा एका दुकानातली. माणसं कल्पनेतली आहेत पण मेन्यूचं काम मी स्वतः एकाला करून दिलंय त्यामुळे बऱ्याच अडचणी खऱ्या आहेत. वाचून सांगा, विशेषतः शेवटाकडे प्राजू जे करते ते टिकणारं आहे का, तिथे मला खात्री नाहीये.

---

पप्पा कढईपाशी उभे असायचे तेव्हा त्यांची पाठ रस्त्याकडे. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आतून कोणीतरी ओरडायचं काय काय मिळेल, की पप्पा झारा हातात घेऊनच वळायचे आणि म्हणायला सुरुवात करायचे, कांदाभजी, मिरचीभजी, बटाटावडा, मिसळ, साबुदाणा खिचडी, चहा, ताक, कोकम सरबत. तेवढ्यात मागे भजी काळी. महाबळेश्वरच्या सीझनला रविवारी हे पन्नास वेळा. फळा होता बाहेर, पण गाडीतून वाचता यायचा नाही आणि दुपारपर्यंत खडू पुसट व्हायचा.

कृष्णाबाईच्या उत्सवाला पुण्याहून आत्या आली चार दिवस. तिच्याकडे मोठ्या स्क्रीनचा फोन. घरात फोन एकच, पप्पांचा बटणाचा. प्राजू नववीत. तिने आत्याला विचारलं, रात्री जेवणं झाल्यावर दे ना थोडा वेळ, आपला मेन्यू करते, पुण्यात टेबलावर असतो ना स्कॅन करायचा तसा.

"घे की. फक्त कुणाचा फोन आला तर आवाज दे."

पहिल्या रात्री फोनला हात लावायच्या आधीच अडलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती लिहायला बसली, पप्पा सांगायला.

"वडापाव?"

"वीस."

"एसटीच्या ड्रायव्हरकाकांना पंधराला देता ना?"

"त्यांना पंधरा. ते रोजचे आहेत."

"मग काय लिहू?"

पप्पा गप्प. मिसळीला एक पाव जास्तीचा, तो गावातल्यांना तसाच आणि बाहेरच्यांना पाच रुपये. चहा सकाळी सहाला दुधवाल्यांना दहा, नंतर पंधरा. आजवर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पप्पांच्या तोंडात होतं आणि समोरच्याचं तोंड बघून बाहेर यायचं. "लिहिलं की बांधलो बघ आपण," पप्पा म्हणाले.

आई भांडी घासत होती तिथूनच म्हणाली, "गाडीवाल्यांचा भाव लिही. ड्रायव्हरना काही मेन्यू लागत नाही, ते येतात आणि बसतात."

तेच ठरलं. स्ट्रॉबेरी सोडून. तिचा भाव रोज सकाळी ठरतो, तिच्यापुढे प्राजूने "विचारा" एवढंच लिहिलं.

दुसऱ्या रात्री तिने आत्याच्या फोनवर गूगल डॉक उघडून टायपिंग केलं. कांदाभजी लिहून मग स्पेस स्पेस स्पेस आणि मग ४०, असं सगळं एका रेषेत आणलं. छान दिसत होतं. सकाळी झेरॉक्सवाल्या दादाच्या फोनवर पाठवून बघितलं तर त्याच्या फोनवर अक्षरं मोठी, ४० खालच्या ओळीत मिरचीभजीच्या डोक्यावर जाऊन बसलेलं. परत येऊन दोन रकान्यांचं टेबल टाकलं, डावीकडे पदार्थ, उजवीकडे रुपये. आधी आठ फोटोही टाकले होते, पण दुकानापाशी रेंज एक काडी, पान उघडायला इतका वेळ की तोवर माणूस हाक मारणारच. फोटो काढून टाकले.

मग क्रोममध्ये तेच पान उघडून शेअरमधून क्यूआर कोड काढला, मधे तो छोटा डायनासोर असलेला. आत्याच्या फोनवर उघडून बघितला, झकास. झेरॉक्सच्या दुकानात दोन इंचाचा प्रिंट, वर लॅमिनेशन, चाळीस रुपये गेले.

तिसऱ्या दिवशी पहिलीच गाडी मुंबईची. काकांनी स्कॅन केलं आणि म्हणाले, "बेटा, हे तर परमिशन मागतंय." घरात आत्याच्या फोनवर टिंग वाजलं, कोण्या अनोळखी माणसाला तुमचं डॉक्युमेंट बघायचंय म्हणून. आत्याच्या फोनवर तर ते उघडणारच होतं, तिचंच होतं ते. प्राजू आत पळाली, शेअरमध्ये Restricted होतं तिथे Anyone with the link केलं, पुढे Viewer ठेवलं, आणि काकांना म्हणाली आता बघा. उघडलं.

दुसऱ्या गाडीतल्या ताईंनी गल्ल्यापाशी येऊन फोन धरला आणि आईला विचारलं, "किती टाकू?" त्यांनी पैशाचा कोड स्कॅन केला होता. दोन्ही कोड एकाच खांबावर, एकाखाली एक. तिसऱ्याचा कोड लागेचना, ऊन लॅमिनेशनवर असं चमकत होतं की कॅमेऱ्यात नुसता पांढरा पट्टा दिसायचा.

संध्याकाळी तिने दुसरा प्रिंट आणला, चार इंचाचा, लॅमिनेशन नाही, वर मोठ्या अक्षरात "काय काय मिळतं ते इथे बघा". माठाशेजारच्या भिंतीवर सावलीत लावला. पैशाचा कोड गल्ल्यावरच राहिला.

शेवटच्या रात्री आत्या बॅग भरत होती. पप्पा म्हणाले, "प्राजे, कांदा वाढायला लागलाय. भजी पंचेचाळीस करावी लागतील पुढच्या आठवड्यात. ते तुझ्या कागदात कसं बदलायचं?"

प्राजू आत्याकडे बघत राहिली. कागद आत्याच्या खात्यात, खातं आत्याच्या फोनमध्ये, फोन सकाळी साडेसहाच्या गाडीने पुण्याला.

"मला फोन करा, मी बदलीन," आत्या म्हणाली.

"माझ्या भज्याचा भाव वाढवायला मी पुण्याला फोन करू?" पप्पा चिडले नव्हते. त्यांना खरंच कळेना.

रात्री अकराला प्राजूने आत्याच्या फोनवरच स्वतःचं नवीन खातं उघडायला घेतलं. नंबर मागितला तिथे पप्पांचा टाकला. अंगणात पप्पांच्या बटणाच्या फोनवर मेसेज आला.

"पप्पा, जी आणि आडवी रेघ सोडा, पुढचे सहा आकडे सांगा."

पप्पांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला, गॅसवाल्याला नंबर सांगतात तसा. खातं झालं. पासवर्ड तिने उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. आत्याच्या खात्यातून त्या कागदावर नव्या खात्याला Editor केलं, म्हणजे भिंतीवरचा कोड तोच राहिला. मग नवीन खातं आत्याच्या फोनमधून काढून टाकलं आणि फोन चार्जिंगला लावला.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर ती झेरॉक्सच्या दुकानात गेली, दप्तरात पप्पांचा फोन, कारण नवीन कॉम्प्युटर म्हणून गूगल परत आकडे पाठवणार हे तिला माहीत होतं. तसे आले. इन्कॉग्निटो विंडो, ४० खोडून ४५, विंडो बंद. दादाने पाच रुपये घेतले नाहीत.

ती आली तेव्हा पप्पा फळ्यावरचा चाळीस ओल्या फडक्याने पुसत होते. दुकानासमोर एक गाडी थांबली होती. गाडीतला मुलगा उतरून माठापाशी गेला, फोन भिंतीसमोर धरला आणि गाडीकडे बघून मोठ्याने वाचायला लागला, कांदाभजी पंचेचाळीस, मिरचीभजी चाळीस, बटाटावडा. पप्पा कढईकडे वळले आणि घाणा सोडला.

---

कृष्णाकाठ

मस्त झालीये. ड्रायव्हरचा भाव हा भाग सगळ्यात खरा वाटला. माझ्या मामांचं हॉटेल होतं, त्यांनी वीस वर्षं दरपत्रक लावलं नाही ते याच कारणाने, लोकांना वाटायचं आळस आहे. पण मला एक टोचलं, आईने फार पटकन सोडवलं ते. गाडीवाल्याने वीस देऊन खाल्ला आणि शेजारच्या बाकड्यावर ड्रायव्हरने पंधरा दिले हे त्याने ऐकलं तर? आधी लिहिलेलं नव्हतं तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आता भिंतीवर वीस आहे म्हटल्यावर विचारणार. तो प्रसंग यायला हवा होता.

गुलमोहर७२

छान लिहिता. पण एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, सरळ पीडीएफ करायची ना? पीडीएफ सगळ्या फोनवर सारखी दिसते, आकडे इकडचे तिकडे होत नाहीत. ड्राइव्हवर टाकायची, त्याचा कोड काढायचा, विषय संपला. टेबल वगैरे करायची गरजच नाही.

शेखर_फ्लेक्सवाला

गुलमोहर, सारखी दिसते हे बरोबर. पण ए-फोर पानाची पीडीएफ फोनवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, गिऱ्हाईक दोन बोटांनी मोठं करत बसतं. आणि भाव बदलला की नवी पीडीएफ अपलोड केली तर तिची लिंक नवी, म्हणजे भिंतीवरचा कोड जुनीच पीडीएफ दाखवत राहणार, चाळीसवाली. हे माझ्याकडे येणाऱ्यांत फार होतं. कोड चालतोय म्हणून कोणाला संशय येत नाही, भांडण बिलाच्या वेळी होतं. ड्राइव्हमध्ये त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवायची सोय आहे, Manage versions म्हणून, मग लिंक तीच राहते. पण ते कॉम्प्युटरवरून करावं लागतं आणि निम्मे लोक विसरून नवीनच फाइल टाकतात. रोज बदलणाऱ्या गोष्टीला डॉकच बरं.

घाटवाट, तुमच्या प्रश्नाबद्दल. माझं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान आहे, मेन्यूचे कोड बरेच छापतो. प्राजूने केलं ते चालेल पण अर्धवट आहे. तिला Editor केलंय, मालक अजून आत्याच. आत्याने कधी फोन साफ करताना "हे काय मेन्यू मेन्यू" म्हणून ती फाइल डिलीट केली आणि ती ट्रॅशमधूनही गेली की भिंतीवरचा कोड मेला. आत्या मुद्दाम करणार नाही हो, पण सहा महिन्यांनी तिला आठवणार पण नाही ते काय होतं. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मालकी प्राजूच्या खात्याकडे द्यायची, त्यात आत्याने पाठवायची आणि प्राजूने स्वीकारायची, स्वीकारेपर्यंत मालक आत्याच. त्यात लिंक बदलत नाही, कोड तोच. दुसरा म्हणजे प्राजूने स्वतःच्या खात्यात कॉपी करायची, पण कॉपीची लिंक वेगळी, मग कोड परत छापावा लागेल. आत्या गावात असतानाच झेरॉक्सच्या कॉम्प्युटरवर पहिला रस्ता पूर्ण करता आला असता. नाहीतर पहिल्या रात्रीच आधी खातं मग कागद, हा क्रम ठेवला असता तर काहीच अडलं नसतं.

घाटवाट

शेखरदादा खूप आभार, नेमकं हेच हवं होतं. म्हणजे ती रात्र जितकी सुटल्यासारखी मी दाखवलीये तितकी सुटलेली नाही. क्रम उलटा करणार नाही मी, कारण नववीतल्या मुलीला मालकीचं आधी सुचणारच नाही, पप्पांनी भाव वाढवायचं म्हटल्यावरच सुचणार. पण गुरुवारी झेरॉक्सच्या दुकानात ती मालकीची विनंती स्वीकारते असं एक वाक्य घालता येईल.

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात राहील.

मावशीची_खानावळ

कथा आवडली, डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. आमचंच सांगते, नाशिकला खानावळ आहे आमची, मुलाने दोन वर्षांपूर्वी एका वेबसाइटवरून फुकट कोड काढला, छान रंगीत, मधे आमचा लोगो, वीस टेबलांसाठी उभे स्टँड करून घेतले, स्टँडलाच दोन अडीच हजार गेले. पंधरा दिवस मस्त चालला आणि मग एका शनिवारी रात्री सगळ्या टेबलांवर एकदम बंद. उघडलं की त्या साइटचंच पान, पैसे भरा म्हणून. मुलगा रडकुंडीला. तुमच्या प्राजूचा डायनासोरवाला पण असा बंद पडेल का हो?

शेखर_फ्लेक्सवाला

मावशी, नाही पडणार. तुमच्या कोडमध्ये तुमच्या मेन्यूचा पत्ता नव्हताच, त्या साइटचा पत्ता होता आणि ती साइट तिथून पुढे तुमच्या मेन्यूवर पाठवत होती. मुदत संपल्यावर तिने पाठवणं थांबवलं. ओळखायला सोपं आहे, छापायच्या आधी कोड स्कॅन करा आणि उघडायच्या आधी फोन जो पत्ता दाखवतो तो वाचा. तुमचाच पत्ता दिसला तर कोडमध्ये तोच भरलेला आहे, मुदत बिदत काही नाही. दुसऱ्याच कोणाचं नाव दिसलं तर स्टँड करू नका.

क्रोमवाला कोड म्हणजे तो पत्ताच चौकोनात लिहिलेला असतो. त्यामुळेच पत्ता लांब असला की ठिपके बारीक आणि जास्त होतात. गूगल डॉकचा पत्ता लांबच असतो, प्राजूचा दोन इंचाचा कोड जवळून चालेल पण लांबून नाही. माझा साधा हिशोब, जितक्या लांबून स्कॅन व्हायचा त्याच्या एक दशांश तरी कोड हवा. चार इंच म्हणजे साधारण सव्वातीन फूट. गाडीत बसून होणार नाही, पोराला उतरावंच लागलं तुमच्या कथेत, ते बरोबर आहे.

अजून एक, पत्त्याच्या शेवटी /edit पासून पुढचं सगळं काढून असं केलं तर गिऱ्हाइकाला बटणं बिटणं न दिसता नुसता कागद दिसतो. ठिपक्यांच्या जागी त्या डॉकची लांबलचक अक्षरं असतात ती तशीच ठेवायची:

```
https://docs.google.com/document/d/.../preview
```

आणि प्रिंट कापताना कडेची पांढरी चौकट कापू नका. झेरॉक्सवाले कागद वाचवायला अगदी कडेने कापतात आणि मग गडद भिंतीवर चिकटवला की कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो ते कळत नाही. तेलाचा डाग मधे पडला तर बऱ्याचदा चालून जातो, पण कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांपैकी एक गेला की संपलं.

सह्याद्री_किराणा

नमस्कार, माझं किराणा दुकान आहे, साधारण ६०० वस्तू असतील. या पद्धतीने लोकांना घरबसल्या ऑर्डर टाकता येईल का आणि माल किती शिल्लक आहे ते आपोआप कमी होईल का? लिंक द्यावी.

कृष्णाकाठ

किराणा भाऊ, ही कथा आहे हो, आणि यातला मेन्यू म्हणजे नुसता वाचायचा कागद. ऑर्डर नाही, शिल्लक नाही. ६०० वस्तूंचं टेबल फोनवर कोणी खाली सरकवत बसणार नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, इथे बरीच दुकानदार मंडळी आहेत.

सह्याद्री_किराणा

अच्छा. माझं चुकलं, वरचं सगळं वाचलं नव्हतं. आता वाचली कथा. आमच्याकडे पण पोरगीच आहे हिशोबाला.

अनघा_म

मला कथेत फळा राहिला हे आवडलं. पप्पा शेवटी फळाही पुसतात. माझ्या सासूबाई स्कॅन वगैरे करत नाहीत, त्या दुकानात गेल्यावर फळा शोधतात, आणि ड्रायव्हर मंडळीही तेच. पण मग एक प्रश्न येतो, खिचडी संकष्टीला अकरा वाजताच संपते, ढोल्या गणपतीला येणारी गर्दी असते ना. भिंतीवरच्या कोडमध्ये दिवसभर खिचडी दिसत राहणार. प्राजू शाळेत. कोण बदलणार?

घाटवाट

नाही बदलणार कोणी. मी ज्याला करून दिलं त्याचंही हेच झालं, संपलेलं रोज काढायचं तर दुकानातच फोन हवा आणि तेल नसलेला हात हवा. त्याने शेवटी कोडमध्ये फक्त रोज नक्की असणारे पदार्थ ठेवले, आणि खिचडी, स्ट्रॉबेरी, खर्वस असलं काही असेल ते फळ्यावर. कागदाच्या वर एक ओळ, "आजचं खास फळ्यावर बघा". म्हणजे प्राजूने "विचारा" लिहिलंय तिथे खिचडीही यायला हवी. हे कथेत चुकलंय माझं, बदलतो.

गुलमोहर७२

शेखर यांचं पटलं, पीडीएफची लिंक बदलते हे माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या नोटिशींचं पण हेच झालं असणार, लोक म्हणतात जुनीच दिसते आणि मी म्हणायचो तुमच्या फोनचा प्रॉब्लेम आहे.

पण पासवर्ड उधारीच्या वहीत? ती वही तर गल्ल्यावर उघडी पडलेली असते, कोणीही चाळतं.

मावशीची_खानावळ

उधारीची वही कोणी चाळत नाही हो, आम्ही तिला नवऱ्यालाही हात लावू देत नाही. आणि पोरीने पासवर्ड लिहिला नसता तर तिच्या पप्पांना दोन महिन्यांनी काय आठवणार होतं. मी तर म्हणते बरोबर जागी लिहिला.

शेखर_फ्लेक्सवाला

पासवर्ड लिहिण्यापेक्षा मला पप्पांच्या नंबरची काळजी आहे. सगळी मदार त्या एका सिमवर आहे. रिचार्ज संपून नंबर बंद झाला तर आकडे कुठे येणार? आत्याचा नंबर किंवा ईमेल रिकव्हरीला टाकून ठेवायला हवा. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि शंभरातले नव्वद करत नाहीत.

कृष्णाकाठ

म्हणजे फिरून परत आत्याच 🙂

घाटवाट, ड्रायव्हरच्या प्रसंगाचं काय ठरलं?

घाटवाट

लिहून बघितला दोनदा. एकात गाडीवाला विचारतो आणि पप्पा सरळ सांगतात हे रोजचे आहेत. दुसऱ्यात ड्रायव्हरकाका स्वतःच त्या भिंतीकडे बघतात आणि त्या दिवसापासून वीस ठेवून जातात, पप्पा पाच परत करतात, ते घेत नाहीत. दुसरा मला जास्त खरा वाटतो पण त्याने प्राजूच्या मेन्यूवर सावली येते. तुम्हाला कोणता पटतो ते सांगा, रविवारपर्यंत वाट बघतो.

अनघा_म

दुसरा. सावली येऊ दे.

कृष्णाकाठ

मला पहिला. आमचे मामा तेच म्हणाले असते, आणि मोठ्याने.